कुकर ऑनलाइन घेण्याआधी: स्टार, अभिप्राय आणि ‘व्हेरिफाइड’चा शिक्का कोणत्या क्रमाने वाचायचा

बहुतेक जण असं करतात: शोधपट्टीत ‘5 लिटर कुकर’ टाकायचं, वरच्या चार-पाच चित्रांखालचे स्टार बघायचे, त्यातला 4.5 वाला उघडायचा, सगळ्यात वर दिसणारे दोन अभिप्राय वाचायचे, त्यांवर `Verified Purchase` दिसलं की पैसे भरून मोकळं व्हायचं. मग दीड महिन्यात झाकणातून वाफ सुटते किंवा कंपनीचा माणूस म्हणतो, ‘हा आमचा माल नाही.’

चूक वाचण्याच्या क्रमात आहे. स्टार वस्तूबद्दल बोलतात, पण पैसे जातात विक्रेत्याकडे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या असतात आणि वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. इथे उदाहरणाला प्रेशर कुकर घेतला आहे, कारण त्यात फसगत झाली तर प्रश्न नुसत्या पैशांचा राहत नाही. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन ठिकाणी जसं दिसतं तसंच सांगितलं आहे.

## 1. आधी मॉडेल ठरवा, मग अभिप्राय उघडा

कागदावर चार गोष्टी लिहा: किती लिटर, अ‍ॅल्युमिनियम की स्टील, झाकण आतून बसणारं की बाहेरून, आणि इंडक्शनवर चालणारा तळ हवा की नको. मग ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन त्या मॉडेलचं पूर्ण नाव किंवा क्रमांक, छापील किंमत आणि वॉरंटी किती वर्षांची, हे टिपून घ्या. याला पाच मिनिटं लागतात. पुढे दहा ठिकाणी तुलना करताना आपण एकाच कुकरबद्दल बोलतोय याची खात्री असते.

हे का लागतं? एकाच पानावर 2, 3, 5 आणि 7.5 लिटरचे कुकर, कधी कधी अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलही, ‘पर्याय’ म्हणून एकत्र टाकलेले असतात, आणि बऱ्याचदा सगळ्यांचे स्टार एकत्र मोजले जातात. तीन लिटरचा छोटा कुकर भरपूर खपला आणि लोकांना आवडला, तर त्याचं पुण्य पाच लिटरवाल्याच्या नावावर जमा होतं. दोघांची झाकणं आणि रबरं मात्र वेगळी असतात.

तपासणी: अभिप्राय लिहिणाऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात `Size` किंवा `Colour` अशी ओळ असते. तुमच्या मापाचे अभिप्राय कोणते, ते तिथून कळतं. ‘फिल्टर’ लावून फक्त तेवढेच बघता येत असतील तर उत्तम.

## 2. पान मुळात कुकरचंच आहे ना, ते बघा

हे वेळखाऊ वाटेल, पण एकदा जमलं की अर्ध्या मिनिटाचं काम आहे. अभिप्रायांमध्ये शक्य तितकं मागे जा, जुन्यातले जुने दोन-चार वाचा आणि ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. काही विक्रेते जुनं, चांगले स्टार मिळालेलं पान घेतात आणि त्यावरचं चित्र, नाव, वर्णन बदलून नवीन वस्तू बसवतात. स्टार तसेच राहतात. कुकरच्या पानावर तीन वर्षांपूर्वीचा अभिप्राय ‘चार्जर लवकर गरम होतो’ असं सांगत असेल, तर त्या पानावरच्या एकाही ताऱ्याचा उपयोग नाही. तिथून बाहेर पडा.

फोटोंमध्ये हँडलचा आकार, शिट्टी, झाकणावरचं नाव हे वरच्या चित्राशी जुळतंय का, तेही बघा. दोन प्रकारची हँडलं दिसत असतील तर एक तर मॉडेल मधे बदललं आहे, नाहीतर दोन प्रकारचा माल जातो आहे.

## 3. सरासरी सोडा, पट्ट्या वाचा

4.3 किंवा 4.6 हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. अ‍ॅमेझॉनवर तर तो साधी सरासरीही नसतो. अभिप्राय किती ताजा, खरेदी पडताळलेली आहे का, अशा गोष्टींना वजन देऊन तो काढला जातो. त्यामुळे आकड्यावर बोट ठेवा आणि खाली उघडणाऱ्या पाच पट्ट्या बघा.

आकडा किती सहज हलतो ते बघा. समजा 100 जणांनी दिलेली सरासरी 4.0 आहे. त्यात 40 विकतचे पाच-स्टार घातले, तर बेरीज 400 अधिक 200 म्हणजे 600, भागिले 140, उत्तर जवळपास 4.3. चाळीस माणसं जमवणं हे विक्रेत्याला काही अवघड नाही. तेच मूळ रेटिंग 5,000 जणांचं असेल, तर त्याच चाळिसांनी दुसरा दशांशही धड हलत नाही. म्हणून ‘किती स्टार’ याच्याबरोबर ‘किती जणांचे’ हे वाचायचंच.

आता एक उदाहरण पुढे शेवटपर्यंत नेऊ. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत.

कुकर ‘अ’: 1,200 जणांचं रेटिंग, सरासरी 4.3. पाच स्टार 62 टक्के, चार स्टार 20, तीन स्टार 8, दोन स्टार 3, एक स्टार 7.

कुकर ‘ब’: 180 जणांचं रेटिंग, सरासरी 4.7. पाच स्टार 88 टक्के, चार स्टार 4, तीन आणि दोन स्टार प्रत्येकी 1, एक स्टार 6.

घाईत ‘ब’ जिंकतो. पण ‘ब’च्या पट्ट्यांचा आकार बघा: वर डोंगर, खाली छोटी टेकडी आणि मधे सपाट माळ. खऱ्या वापरातल्या भांड्याला ‘चांगला आहे, पण हँडल जरा गरम होतं’ म्हणणारे चार-स्टारवाले आणि ‘ठीक’ म्हणणारे तीन-स्टारवाले भेटतातच. मधला भाग जवळजवळ रिकामा असेल, तर वरचा डोंगर कुठून आला हे शोधायला हवं.

सावध: हा नुसता संशय आहे, पुरावा नव्हे. रेटिंग शंभराच्या आत असेल तर पट्ट्या योगायोगानेही वेड्यावाकड्या होतात. निकाल पुढच्या पायऱ्यांवर.

## 4. नव्यात नवे आधी लावून तारखा बघा

पान उघडलं की ‘टॉप’ अभिप्राय दिसतात, म्हणजे बहुतेक वेळा जुने आणि ‘उपयुक्त’ म्हणून भरपूर जणांनी दाबलेले. कंपनीने दोन वर्षांपूर्वी चांगलं रबर दिलं म्हणून आजही देते असं नाही. क्रम बदलून `Most recent` किंवा `Latest` करा आणि गेल्या तीन-चार महिन्यांतले वीसेक वाचा.

वाचताना तारखांचे पुंजके दिसतील. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सेलनंतर अभिप्रायांचा पूर येतो, त्यात खोटं काही नाही. फरक असा ओळखायचा: सेलच्या पुरात सगळ्या जातीचे स्टार एकदम वाढतात. पाच येतात, तीन येतात, ‘डबा चेपलेला आला’ म्हणणारे एक-स्टारही येतात. विकत आणलेल्या लाटेत नुसते पाचच येतात, आठ-दहा दिवसांत, आणि मग महिनाभर सामसूम. आपल्या ‘ब’ कुकरचे 88 टक्के असे दोन आठवड्यांत दाटलेले निघाले असं धरू.

आणखी एक गोष्ट. बहुतेक अभिप्राय खोकं उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात. ‘पॅकिंग छान, वेळेत आला, चकाचक आहे.’ हे खरे असतात, पण कुकरबद्दल काहीच सांगत नाहीत. कुकरची परीक्षा रबर दोन-तीन महिने तापल्यावर होते. म्हणून ‘चार महिने वापरतेय’, ‘रबर एकदा बदललं’, ‘तळ काळा पडला’ असं सांगणारे पाच अभिप्राय सापडले, तर ते पन्नास ‘मस्त’पेक्षा जास्त कामाचे. अभिप्रायांत शब्द शोधायची सोय असेल तर `leak`, `rubber`, `gasket`, `handle`, `duplicate`, `service` हे टाकून बघा. `siti` आणि `dhakkan`सुद्धा टाका, कारण लोक इंग्रजी लिपीत तसंच लिहितात.

## 5. खोटा अभिप्राय कसा दिसतो, आणि कसा दिसत नाही

इथे एक गैरसमज मोडायला हवा. ‘छोटा अभिप्राय म्हणजे खोटा’ हा नियम परदेशी लेखांतून आला आहे आणि आपल्याकडे चालत नाही. इथले खरे ग्राहक `nice`, `good product`, `mast hai` एवढंच लिहून मोकळे होतात. त्यांना टंकलेखनाचा कंटाळा असतो, बाकी काही नाही. अशा अभिप्रायांना खोटं ठरवू नका आणि वजनही देऊ नका. ते असून नसल्यासारखे.

संशय घ्यायचा तो नीटनेटक्या, लांब अभिप्रायावर. ब्रँडचं आणि मॉडेलचं पूर्ण नाव दोन-तीनदा, वर्णनातलीच वाक्यं शब्दशः, ‘फूड ग्रेड’, ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ असे जाहिरातीतले शब्द, पण घरात काय शिजवलं, किती शिट्ट्या लागल्या, याचा पत्ता नाही. वापरणारी बाई किंवा बाप्या ‘तूरडाळीला चार शिट्ट्या लागतात, आधीच्याला तीन लागायच्या’ असं काहीतरी बोलतो. बारीकशी तक्रारही करतो. फोटो असेल तर त्यात त्याचा ओटा दिसतो, मागे तेलाची बरणी असते. सगळे फोटो एकाच पांढऱ्या चादरीवर काढलेले असतील तर थांबा.

शक्य असेल तिथे नावावर टिचकी मारून त्या माणसाचे बाकीचे अभिप्राय बघा. एका आठवड्यात अनोळखी ब्रँडचे इअरफोन, केसांचं तेल, कुकर आणि बेल्ट, सगळ्यांना पाच स्टार, अशी यादी दिसली तर तो ग्राहक नव्हे, तो त्या धंद्यात आहे.

उलट बाजूही असते. प्रतिस्पर्धी एक-स्टार टाकतात, तिथेही ‘बेकार, घेऊ नका, त्यापेक्षा अमुक घ्या’ असा नावासकट सल्ला मिळतो. आणि काही भाबडे लोक ‘एक नंबर कुकर’ म्हणून एकच तारा देतात. मजकूर न वाचता एक-स्टारची टक्केवारी मोजू नका ती याचसाठी.

## 6. ‘व्हेरिफाइड’चा अर्थ नेमका किती

अ‍ॅमेझॉनचं `Verified Purchase` आणि फ्लिपकार्टचं `Certified Buyer` एवढंच सांगतं की या खात्यावरून ही वस्तू त्याच ठिकाणी खरेदी झाली. अ‍ॅमेझॉन आणखी एक अट घालतं: बहुतेकांना मिळते तशा किमतीलाच घेतलेली असावी. माणूस खरं बोलतो आहे, त्याने कुकर वापरला आहे किंवा पैसे स्वतःच्या खिशातून गेले आहेत, यातलं काहीही हा शिक्का सांगत नाही.

पळवाट कशी चालते ते समजून घ्या. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात वस्तूचा दुवा येतो. माणूस नेहमीच्या किमतीला ती मागवतो, पूर्ण पैसे भरतो, शिक्का मिळतो. पाच स्टार आणि फोटो टाकतो, त्याचा स्क्रीनशॉट पाठवतो, आणि विक्रेता यूपीआयवरून पैसे परत करतो. बाजारपेठेच्या नोंदीत हा व्यवहार शंभर टक्के खरा. म्हणजे ‘सगळ्याच अभिप्रायांवर शिक्का आहे’ ही बाब खात्री देणारी नाही. आपल्या ‘ब’मध्ये ती होती.

सौम्य प्रकार तर सर्रास आहे: खोक्यात कार्ड, ‘पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, 100 रुपये मिळवा.’ एखाद्या वैतागलेल्या अभिप्रायात त्या कार्डाचा फोटो दिसला, तर त्या पानावरचे पाच-स्टार निम्म्याने कमी समजा.

उलट, शिक्का नाही म्हणून अभिप्राय खोटा असंही नाही. कोणी तोच कुकर दुकानातून घेतला असेल किंवा आहेरात मिळाला असेल. कित्येकदा असाच माणूस दोन वर्षांच्या वापराबद्दल लिहितो. `Vine Customer Review of Free Product` असं दिसलं तर वस्तू फुकट मिळाली होती, पण ते उघड सांगितलेलं आहे. मजकुरावर विचार करा, ताऱ्यांवर नको.

सावध: ‘घरबसल्या रिव्ह्यू लिहा, रोज पैसे कमवा’ असा निरोप आला तर उत्तरच देऊ नका. सुरुवातीला थोडे पैसे देऊन पुढे ‘टास्क’साठी मोठी रक्कम भरायला लावतात. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

## 7. एक, दोन, तीन स्टारवाल्यांची वाटणी करा

हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि लोक हाच गाळतात. खालचे वीस ताजे, मजकूर असलेले अभिप्राय घ्या आणि प्रत्येकाला तीनपैकी एका खणात टाका. पहिला खण पोहोचवण्याचा: उशीर, चेपलेला डबा, उद्धट माणूस. दुसरा विक्रेत्याचा: नकली, वापरलेला माल, वॉरंटी कार्ड नाही, बिल दुसऱ्याच नावाचं. तिसरा वस्तूचा: वाफ सुटते, हँडल ढिलं होतं, तळ फुगतो.

वस्तू घ्यायची की नाही, हे फक्त तिसरा खण सांगतो. कुठून घ्यायची, हे दुसरा. पहिल्या खणाकडे कुकरसाठी दुर्लक्ष केलं तरी चालतं. मात्र ‘चेपलेला’ वारंवार येत असेल तर लक्ष द्या, कारण कड वाकली की झाकण नीट बसत नाही.

आपल्या उदाहरणात: ‘ब’चे एक-स्टार 180 च्या 6 टक्के म्हणजे साधारण 11. मजकूर असलेले सहा, त्यातले चार म्हणतात झाकणातून वाफ जाते. संख्या छोटी आहे, पण वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या चार माणसांनी एकच दोष सांगितला आहे. ‘ब’ बाद.

‘अ’चे एक-स्टार 84. ताजे वीस वाचले: नऊ पोहोचवण्याबद्दल, पाच ‘डुप्लिकेट’ किंवा वापरलेला माल, तीन रबर, तीन हँडलचा स्क्रू. 1,200 जणांच्या मानाने वस्तूचे दोष फुटकळ आहेत. रबर आणि स्क्रू कोणत्याही कुकरचे होतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ‘अ’ घ्यायला हरकत नाही. पण ते पाच ‘डुप्लिकेट’ आता आपल्याला पुढे घेऊन जातात.

## 8. आता विक्रेता वाचा

एका पानावर अनेक विक्रेते असतात आणि अभिप्राय सगळ्यांचे एकत्र असतात. ज्यांना नकली माल आला त्यांनी कदाचित दुसऱ्याच विक्रेत्याकडून घेतला असेल. तुमच्या पिनकोडला, आजच्या दिवशी, समोर जो विक्रेता ठेवला आहे तो उद्या बदलू शकतो. म्हणून `Sold by` ही ओळ पैसे भरायच्या आधी, अगदी शेवटच्या पानावरही, पुन्हा बघायची.

विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारा. अ‍ॅमेझॉनवर 30 दिवस, 90 दिवस, 12 महिने आणि एकूण असे वेगवेगळे आकडे मिळतात. एकूण चांगलं आणि गेले 30 दिवस वाईट, असं असेल तर अलीकडे काहीतरी बिघडलं आहे. तिथे काही तक्रारींवर रेघ मारलेली दिसेल. माल अ‍ॅमेझॉनने पोहोचवला म्हणून जबाबदारी आपली, असं सांगून ती तक्रार विक्रेत्याच्या गुणांतून काढलेली असते. रेघेखालचा मजकूर वाचायचा. ‘उशिरा आला’ असेल तर सोडा, ‘नकली’ असेल तर ती रेघ तुमच्यासाठी नाही.

विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवणं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. ते सापडत नसेल, किंवा ब्रँडच्या संकेतस्थळावर दिलेल्या अधिकृत विक्रेत्यांत ते नाव नसेल, तर 200-300 रुपयांच्या फरकासाठी तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा ‘अ’ अनोळखी विक्रेत्याकडे 1,850 ला, ब्रँडच्या अधिकृत विक्रेत्याकडे 2,100 ला आणि गावातल्या भांड्यांच्या दुकानात 2,200 ला आहे. पहिला गेला. उरलेल्या दोघांत मी दुकानाकडे झुकेन, कारण झाकण लावून बघता येतं, वॉरंटी कार्डावर तिथेच शिक्का मिळतो आणि रबर-शिट्टीसाठी परत जाता येतं. दुकानाचे गुगल मॅप्सवरचे स्टार बघायचे असतील तर बघा, पण तिथे खरेदीचा कुठलाच शिक्का नसतो. दोन दुकानांत निवड करायची तर शेजाऱ्यांना विचारलेलं बरं.

## 9. जे ताऱ्यांत दिसत नाही: आयएसआय

कुकर सुरक्षित आहे का, हे कोणताही ग्राहक तपासू शकत नाही. घरगुती प्रेशर कुकरला आयएस 2347 या मानकाचं प्रमाणपत्र 1 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचं आहे. तरीही 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांविरुद्ध, मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल, प्रत्येकी एक लाख रुपये दंडाचे आदेश काढले. अ‍ॅमेझॉनच्या आदेशात 2,265 कुकरांचा आणि फ्लिपकार्टच्या आदेशात 598 कुकरांचा उल्लेख होता. म्हणजे मोठ्या बाजारपेठेत दिसतो म्हणून माल तपासलेला असेल, हे गृहीत धरता येत नाही.

तपासणी: कुकरवर आयएसआय चिन्ह आणि `CM/L` ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. भारतीय मानक ब्युरोच्या `BIS Care` अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे का, ते दिसतं. नाव दुसऱ्याच कंपनीचं आलं किंवा वस्तू कुकर नसून भलतीच निघाली, तर परत करा. स्टार 4.8 असले तरी.

## 10. खोकं उघडताना

पत्त्याचा कागद दिसेल असा व्हिडिओ सुरू करून मगच चिकटपट्टी कापा. बिलावरचा विक्रेता आणि तुम्ही निवडलेला विक्रेता एकच आहे का ते बघा, परवाना क्रमांक तपासा आणि नुसतं पाणी घालून एक शिट्टी होऊ द्या. हे सगळं परत करायच्या मुदतीत, शक्यतो पहिल्याच दिवशी. कुकर माळ्यावर ठेवून महिन्याने उघडलात तर व्हिडिओचाही उपयोग नाही.

माल नकली निघाला आणि परत घेत नसतील, तर बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हावं, असा नियम आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. फोन करताना ऑर्डर क्रमांक, बिल, व्हिडिओ आणि ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीच्या पानाचा `Sold by` दिसणारा स्क्रीनशॉट जवळ असू द्या. हा शेवटचा स्क्रीनशॉट पैसे भरतानाच काढायचा, कारण नंतर त्या पानावर दुसराच विक्रेता बसलेला असतो.